दर उलटा करताना हरवणारे अंक

(परकीय चलन व्यवहारावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुम्ही सगळे आयात-निर्यातीचे हिशेब ठेवणारे, त्यामुळे विनिमय दर म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. डॉलरचा दर ८३.४७ रुपये धरू या. रुपयाचा डॉलरमधला दर काढायला एकाला ८३.४७ ने भागायचं. कॅल्क्युलेटर ०.०११९८०३५२... दाखवतो. आता हा आकडा कागदावर कसा लिहाल? मागच्या रांगेतून उत्तर आलं, "०.०१२०". या उत्तरासाठीच मी आज आले आहे.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका ओळखीच्या फाउंड्रीमालकांचा फोन आला. "मॅडम, परदेशातला गिऱ्हाईक म्हणतोय तुमची रुपयांची यादी आणि डॉलरची यादी जुळत नाही. आमच्याकडे तर सगळं शीटमध्ये आहे, चुकेल कसं?" मी गेले. पंपाच्या एका हाउसिंगची किंमत ४२०० रुपये होती. यादीत डॉलरमध्ये ५०.४० लिहिलं होतं, ४२०० ला ८३.४७ ने भागलं तर ५०.३२ येतं. म्हणजे आठ सेंटचा फरक. ६४० रुपयांच्या झाकणाला ७.६८ लावले होते, यायला हवे होते ७.६७. कोणी म्हणेल, एका सेंटसाठी कुठे डोकं लावायचं? पण प्रत्येक ओळ एकाच बाजूला चुकत होती, वरच्या बाजूला. टायपिंगची चूक कधी वर जाते, कधी खाली. साऱ्या यादीतल्या किमती एकाच प्रमाणात वर सरकल्या असतील, तर चूक किमतींत नसते, दरात असते. फार लहान किमतींत सेंटचं राउंडिंग ते प्रमाण झाकून टाकतं, म्हणून तपासताना सगळ्यांत मोठी ओळ आधी घ्यायची.

दर कुठे बिघडला होता, ते शोधायला आम्हाला संध्याकाळ झाली. शीटमध्ये सूत्र बरोबर होतं, आतला आकडाही पूर्ण होता, फक्त रकाना चार दशांश दाखवत होता. तेवढ्याने काही बिघडत नाही, कारण शीट गुणाकार आतल्या पूर्ण आकड्याने करतं. पण अकाउंटिंगच्या प्रोग्रॅममध्ये दर भरण्यासाठी ती शीट सीएसव्ही म्हणून सेव्ह केली जायची, आणि एक्सेल सीएसव्हीमध्ये डोळ्यांना दिसणारा आकडा लिहितं. तिथे ०.०१२० उरलं, आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं. त्या मुलाने, म्हणजे त्यांच्या अकाउंटंटने, एकही गणित चुकवलं नव्हतं. त्याला रागावू नका, असं मी मालकांना त्याच्यासमोरच सांगितलं.

आता फरक किती पडतो, ते कॅल्क्युलेटर न शिणवता काढू. मूळ दर आणि उलटा दर यांचा गुणाकार एक यायला हवा. ८३.४७ गुणिले ०.०१२० करा. १.००१६४ येतं. एकाच्या वरचं ०.००१६४, म्हणजे शंभर रुपयांमागे सुमारे १६ पैसे, ही तुमची चूक. तिला रकमेने गुणलं की ती थेट रुपयांत मिळते. एक कोटीच्या मालावर १६,४०० रुपये. डॉलरमध्ये बघा: खरं उत्तर १,१९,८०३.५२, आणि ०.०१२० ने गुणलं तर बरोबर १,२०,०००. असा गुळगुळीत गोल आकडा आला की मला आधी दराचीच शंका येते.

चार दशांश दोन्हीकडे घेतले तरी दोन्हीकडे सारखी अचूकता मिळत नाही, हे इथलं मर्म. ८३.४७०० मध्ये चार दशांश घेतले की सहा सार्थ अंक मिळतात. ०.०१२० मध्ये पुढची शून्यं काही सांगत नाहीत, सार्थ अंक तीनच. म्हणून दशांश स्थळं मोजायची नाहीत, पहिल्या शून्येतर अंकापासून मोजायचं. रुपयांत कोटीची रक्कम असेल आणि उत्तर सेंटपर्यंत हवं असेल, तर १,१९,८०३.५२ मध्ये आठ अंक आहेत, तेव्हा उलट्या दरातही किमान आठ हवेत. मी नऊ घेते. त्याहून सोपा रस्ता म्हणजे उलटा दर लिहूच नका. रुपयांना मूळ दराने भागा आणि राउंडिंग एकदाच, शेवटच्या रकमेवर करा.

जुन्या लोकांना ही शून्यांची अडचण चांगली ठाऊक होती. मी बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर बसायचे, तेव्हा आपल्याकडे दर उलटाच सांगायची पद्धत होती: शंभर रुपयांना इतके डॉलर. २ ऑगस्ट १९९३ पासून थेट दर आला, एका डॉलरला इतके रुपये. त्या सुमारास डॉलर ३१ रुपये ३७ पैशांच्या आसपास होता. शंभर रुपयांना म्हणून तो ३.१८७८ असा लिहिता येई, पाच सार्थ अंक. एका रुपयाला लिहिला असता तर ०.०३१९. दहा हजार डॉलरच्या बिलाचे ३,१३,७०० ऐवजी ३,१३,४८० झाले असते. शंभराचा गुणक ही नुसती रीत नव्हती, तो अंक वाचवत होता. आजही आपल्याकडे येनचा संदर्भ दर शंभर येनला देतात, तो याचसाठी उपयोगी पडतो. त्या बदलाच्या आठवड्यात मात्र आमची तारांबळ उडाली. उलट्या दरात बँकेचं सूत्र होतं, "बाय हाय, सेल लो": डॉलर विकत घेताना शंभर रुपयांना जास्त डॉलर मिळवायचे. एका रात्रीत ते "बाय लो, सेल हाय" झालं, आणि वीस वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य लोकांना उलटं म्हणावं लागलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मग उरलेलं भरभर सांगते.

युरोचं. युरो आणताना युरोपीय संघाच्या परिषदेने १९९७ च्या नियमातच लिहून टाकलं: दर 'एका युरोला इतके' असाच, सहा सार्थ अंकांचा, तो राउंड करायचा नाही, आणि त्याचा उलटा दर काढून वापरायचा नाही. इटलीच्या लिराचा दर ठरला १९३६.२७. दहा कोटी लिरा भागून ५१,६४५.६९ युरो होतात. उलटा दर ०.०००५१६ घेतला, सहा दशांश असूनही, तर ५१,६००. पंचेचाळीस युरो कुठे गेले, कोणी विचारणार नाही.

आणि खरेदी-विक्रीचा दर. बँक डॉलर ८३.४० ला घेते, ८३.६० ला विकते. दर उलटे केले की जागा बदलतात: बँकेचा रुपये घेण्याचा दर ८३.६० चा उलटा, ०.०११९६१७, आणि रुपये देण्याचा ८३.४० चा, ०.०११९९०४. जागा न बदलता लिहिलेत तर बँक रुपये महाग घेऊन स्वस्त विकते असं दिसेल, तिथेच थांबा. ज्याच्याकडे एक कोटी रुपये आहेत आणि डॉलर हवेत, त्याने ८३.६० ने भागायचं. १,१९,६१७.२२ मिळतात. ८३.४० ने भागून १,१९,९०४ डॉलर धरलेत, तर पैसे भरायच्या दिवशी २८७ डॉलर कमी पडतील.