झोपलेल्या मुलाचा गळा: टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरची शुश्रूषा

नर्सिंगच्या असाइनमेंटसाठी आपण एकच मूल समोर ठेवू. वय 5 वर्षं, वजन 16 किलो. घसा वारंवार सुजून ताप येतो म्हणून त्याच्या दोन्ही टॉन्सिल काढल्या आहेत. सकाळी 11 वाजता तो थिएटरमधून वॉर्डात आला. अर्धवट शुद्धीत आहे, आई पायथ्याशी उभी आहे आणि आता पुढचं तुमच्या हातात आहे.

आधी त्याला कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात वाकवलेला, पाठीला आधाराला उशी, डोक्याखाली मात्र उशी नको. डोकं छातीपेक्षा किंचित खाली हवं. यालाच टॉन्सिल पोझिशन म्हणतात. उताणं ठेवलं तर घशातलं रक्त आणि लाळ सरळ श्वासनलिकेच्या तोंडाशी जमते. कुशीवर असला की ती गालात उतरते आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते. सक्शन लागलंच तर नळी गालाच्या आतल्या बाजूने, हलक्या हाताने फिरवा. जखमेपर्यंत नेली तर नुकती धरलेली गुठळी निघेल आणि तुम्हीच रक्तस्राव सुरू कराल. मूल पूर्ण जागं झालं की डोकं उंच करायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. उशीवर, चादरीवर रक्त नाही म्हणून ‘रक्तस्राव नाही’ असं चार्टवर लिहून मोकळं होऊ नका. हे मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. म्हणून झोपलेल्या मुलाचा गळा बघायचा. घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट गळ्याकडे पाहा. शांत झोपेत माणूस क्वचितच गिळतो. त्या मिनिटात गळा पुन्हापुन्हा वर-खाली होत असेल, तर घशात काहीतरी सतत उतरतंय.

नाडी पहिल्या तासात दर 15 मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर तासाला. तुमच्या रुग्णालयाचा नियम थोडा वेगळा असला तर तो पाळा, पण आकडे एकाखाली एक लिहा, कारण एकटा आकडा काही सांगत नाही. आपल्या मुलाची नाडी 11 वाजता 104, 12 वाजता 102, 1 वाजता 108, दीडला 118 आणि 2 वाजता 128. रक्तदाब मात्र पहिल्यापासून 96/60, तसाच. ‘बीपी नॉर्मल’ म्हणून इथे निश्चिंत राहिलात, तर चूक झाली. मुलांच्या रक्तवाहिन्या बराच वेळ आकसून दाब टिकवतात. दाब घसरतो तेव्हा बरंच रक्त गेलेलं असतं आणि मग तो पायरी चुकल्यासारखा कोसळतो.

किती रक्त म्हणजे बरंच? या वयात किलोला साधारण 75 मिली रक्त धरतात. 16 किलोला 1200 मिली झालं. त्याचा दहावा भाग 120 मिली, म्हणजे घरातला एक चहाचा कप. एवढं रक्त पोटात गेलं तरी बाहेरून काहीही दिसत नाही.

नाडी दुखण्यानेही वाढते, हे खरं. फरक ओळखता येतो. दुखत असलेलं मूल कुरकुरतं, रडतं, आणि वेदनाशामक दिल्यावर तास-दीड तासात त्याची नाडी उतरते. रक्त जात असलेलं मूल आधी अस्वस्थ होतं, मग गप्प पडतं. ओठ फिके, हातपाय गार, आणि औषध देऊनही नाडी चढतच राहते. गप्प मुलावर जास्त लक्ष ठेवा.

उलटीचंही तसंच. कॉफीच्या गाळासारखी काळपट उलटी एकदा झाली, तर ती बहुधा ऑपरेशनच्या वेळी गिळलेल्या जुन्या रक्ताची असते. तीच पुन्हापुन्हा झाली किंवा ताजी लाल झाली, तर लगेच कळवा. मात्रा अंदाजाने न लिहिता ट्रेमध्ये मोजा.

आपल्या मुलाचं 2 वाजता काय करायचं? बिछान्यापासून हलू नका, मदतीला हाक मारा. जागा असेल तर पुढे वाकवून बसवा, नसेल तर कुशीवरच ठेवा. टॉर्च आणि टंग डिप्रेसर घेऊन घशात पाहा. एका बाजूच्या खड्ड्यात काळीलाल गुठळी दिसेल किंवा घशाच्या मागच्या भिंतीवरून ताजी धार उतरताना दिसेल. गुठळी काढायला स्वतः जाऊ नका, डॉक्टरांना तातडीने बोलवा. तोंडावाटे सगळं बंद. सलाइनची सुई चालू आहे का पाहा. याचसाठी ‘मूल आता बरं आहे’ म्हणून पहिल्या दिवशी सुई काढायची घाई करायची नसते. सांगितल्याप्रमाणे रक्तगट आणि क्रॉसमॅचचा नमुना पाठवा. हिमोग्लोबिन चांगलं आलं तरी फसू नका, रक्त नुकतंच जात असताना ते लगेच उतरत नाही. नाडी आता दर 5 मिनिटांनी.

गुठळीमुळे रक्त थांबायचं सोडून उलट चालू कसं राहतं, हे तोंडी परीक्षेत विचारतात. टॉन्सिलच्या खड्ड्याची भिंत स्नायूची असते. तो स्नायू आवळला की फाटलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जातात. मोठी गुठळी खड्ड्यात बसली तर स्नायूला आवळता येत नाही. प्रसूतीनंतर गर्भाशयात गुठळ्या राहिल्या की काय होतं, ते मिडवायफरीत शिकला आहात ना? तेच इथे लहान जागेत. पहिल्या 24 तासांतल्या या रक्तस्रावाला आणखी एक निमित्त असतं. भूल उतरते, रक्तदाब मूळ पातळीवर येतो, मूल खोकतं, ओकतं, आणि ऑपरेशनच्या वेळी शांत असलेली रक्तवाहिनी उघडते.

आता खाणं. मूल पूर्ण जागं आहे, ओकत नाही, रक्त नाही, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घोटभर गार पाणी द्या. ते टिकलं की गार दूध, साधं आइस्क्रीम, गार पेज. ‘दूध दिल्याने कफ होतो’ असं आजी सांगतात. दूध बंद करायचं कारण नाही. त्याचा चिकट थर घशात राहिला तर मूल खाकरतं, म्हणून दुधानंतर दोन घोट पाणी पाजा. लाल रंगाचं काही नको. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस, लाल जेली यातलं काही पोटात गेलं आणि उलटी झाली, तर तुम्ही काय ओळखणार? कोकम तर आंबटही आहे, त्याने जखम झोंबते.

दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, तूप घातलेलं वरण, मुगाची मऊ खिचडी, शिरा, केळं, दुधात कुस्करलेली इडली. सगळं कोमट किंवा गार. चिवडा, चकली, पापड, टोस्ट, कडक भाकरी आणि तिखट दोन आठवडे दूर ठेवा. पण ‘घसा दुखतोय, मग आज उपाशी राहू दे’ हे सगळ्यात वाईट. गिळताना घशाचे स्नायू हलतात, ते हलले नाहीत तर आखडतात आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. पाणी कमी पडलं की घसा कोरडा होतो, मूल आणखी पीत नाही, आणि शेवटी सलाइनला परत येतं. घन अन्न दोन-चार दिवस कमी गेलं तर चालेल, द्रव कमी जाऊन चालणार नाही. 16 किलोच्या मुलाला दिवसाला 1300 मिली लागतं. पहिल्या 10 किलोंना 100 मिलीप्रमाणे 1000, वरच्या 6 किलोंना 50 मिलीप्रमाणे 300. आईला मिली सांगू नका. 130 मिलीचे दहा कप सांगा, आणि 6 ते 8 तासांत लघवी झाली पाहिजे हे सांगा.

मूल पीत नाही त्याचं कारण बहुतेकदा दुखणं असतं आणि दुखण्याचं कारण चुकीचा डोस. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅमप्रमाणे 240 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी, 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाजारात 5 मिलीला 120 आणि 5 मिलीला 240, अशी दोन्ही सिरप मिळतात. पहिलं असेल तर 10 मिली, दुसरं असेल तर 5 मिली. ‘एक चमचा द्या’ एवढंच सांगून घरी पाठवलं, तर मुलाला अर्धाच डोस मिळण्याची शक्यता आहे. बाटली मागवून लेबलवर बोट ठेवून दाखवा. पहिले काही दिवस औषध घड्याळाप्रमाणे, जेवणाआधी अर्धा तास. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये टॉन्सिल काढलेल्या मुलांसाठी ते याच कारणाने वर्ज्य ठरवलं.

घरी पाठवताना आईला दिवसांचा हिशेब कागदावर लिहून द्या. खड्ड्यात पांढरट-पिवळा थर येईल, तोंडाला वास येईल. तो पू नाही, जखम भरतानाची खपली आहे. ती बोटाने, कापसाने, हळद-मध लावून काढायची नाही. जोरजोरात गुळण्याही नकोत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढू शकतं आणि कान ठणकतो. घशाची आणि कानाची संवेदना एकाच नसेतून जाते म्हणून तसं वाटतं.

ही खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुटते, आणि उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका तेव्हाच जास्त असतो. मूल खेळायला लागलेलं असतं, आईबाबा निर्धास्त असतात. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन करून चौथ्या दिवशी गावाला जायचा बेत असतो, तो स्पष्ट विचारा आणि दोन आठवडे पुढे ढकलायला सांगा. कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ जिथे रात्रीही मिळतात, त्या रुग्णालयापासून फार लांब जायचं नाही. ताप, पाणी न पिणं, लघवी न होणं, यासाठी फोन करा. ताजं लाल रक्त दिसलं तर फोनवर थांबू नका, निघा.

रक्त आलं तर मुलाला ताठ बसवून पुढे वाकवा, वाटीत थुंकायला सांगा, आडवं करू नका, खायला-प्यायला काही देऊ नका आणि वाटी बरोबर घेऊन या. वाटेत रक्त थांबलं तरी माघारी फिरायचं नाही. थोडं येऊन थांबलेलं रक्त ही मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ खूण असू शकते.

शेवटी ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. विचारा, ‘ताई, सातव्या रात्री 2 वाजता त्याने चमचाभर लाल रक्त थुंकलं आणि ते थांबलं, तर तुम्ही काय कराल?’ त्या ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणाल्या, तर डिस्चार्जचा कागद बाजूला ठेवा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा.