खालची ओळ झाका

(जर्मन शिकणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय दिलाय, 'मालिका बघून भाषा शिकताना सबटायटलची एक ओळ ठेवावी की दोन?' म्हणजे नुसती जर्मन ओळ, की तिच्याखाली इंग्रजीसुद्धा. तिकडे येतोच. पण आधी एक तक्रार, कारण निम्मे लोक तिथेच अडकून पडतात.

तुमची आवडती अमेरिकन मालिका तुम्ही लावता. ऑडिओ जर्मन, सबटायटल जर्मन. कानावर येतं, 'काइनऽ आनुंग, मान!' आणि खाली लिहिलेलं असतं, 'इश वाइस एस निश्ट.' अर्थ एकच, 'मला माहीत नाही'. शब्द मात्र एकही जुळत नाही. बिचारा विद्यार्थी समजतो, आपलाच कान गेला. कान शाबूत आहे हो! डबिंगची संहिता एकाने लिहिलेली असते, ती ओठांच्या हालचालीला जुळवून. सबटायटल दुसऱ्याने केलेलं असतं, ते मूळ इंग्रजीवरून आणि वाचायला मिळणाऱ्या वेळात बसवून. दोघांची भेटही झालेली नसते. आता यावर मान डोलावणाऱ्यांनी हात वर करा... बघा, अर्धं सभागृह!

म्हणून कुठलाही भाग सुरू करताना पहिल्या दोन मिनिटांतली पाच वाक्यं थांबवून ताडून बघा. दोन-तीन वाक्यांत शब्दच वेगळे निघाले तर तो भाग अभ्यासाला बाद. करमणुकीला खुशाल ठेवा. सबटायटलच्या यादीत CC लिहिलेला पर्याय असेल तर तो घ्या. तो कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बनवलेला असतो आणि बहुधा ऐकू येणाऱ्या शब्दांवरूनच लिहिलेला असतो. कंसात 'दार आपटतं', 'फोन वाजतो' असंही येतं, म्हणजे ते शब्द फुकटात मिळतात. सगळ्यात उत्तम म्हणजे मुळातच जर्मनमध्ये बनलेली मालिका.

तिथेही काटछाट असतेच. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत जर्मनसाठी एका ओळीत 42 अक्षरं, ओळी दोनच, आणि एक सबटायटल जास्तीत जास्त 7 सेकंद. जागा कमी पडली की पहिला बळी जातो तो 'या', 'दॉख', 'माल', 'हाल्ट' या चिमुकल्या शब्दांचा. मराठीतून 'ना', 'की', 'बुवा' काढून बघा, भांडणसुद्धा रंगणार नाही! हे शब्द कानानेच टिपावे लागतात.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

2009 साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चांगलं इंग्रजी येणाऱ्या डच विद्यार्थ्यांना त्यांनी स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन उच्चारांतलं इंग्रजी 25 मिनिटं दाखवलं. काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच बोलणाऱ्यांची नवी वाक्यं ऐकवली. इंग्रजी ओळ वाचलेल्यांचा कान सुधारला होता. डच ओळ वाचलेले मात्र काहीच न वाचणाऱ्यांपेक्षाही मागे पडले. ओळखीची ओळ दिसली की आपण अर्थ तिच्यातून घेतो आणि आवाज नुसता वाजत राहतो.

जर्मनमध्ये हे जास्त जाचतं. 'इश रूफऽ दिश मॉर्गन आन', म्हणजे 'मी तुला उद्या फोन करतो'. यातला 'आन' क्रियापदाचाच तुकडा आहे आणि तो येतो सगळ्यात शेवटी. खालची इंग्रजी ओळ अख्खी एकदमच दिसते. अर्थ हाती लागला की 'आन'ची वाट कोण बघणार?

मग दोन ओळी टाकून द्यायच्या? नाही, त्यांना एकच फेरी द्यायची. पूर्ण भाग घेऊ नका, तीन मिनिटांचा एक प्रसंग घ्या. पहिल्यांदा दोन ओळींनी बघा, गोष्ट समजून घ्या. दुसऱ्यांदा फक्त जर्मन ओळ, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. क्रोममध्ये दोन्ही ओळी एकदम दाखवणारं लँग्वेज रिअ‍ॅक्टर नावाचं एक्स्टेन्शन आहे. त्यात A दाबलं की मागचं वाक्य, S ने तेच पुन्हा, D ने पुढचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर आपोआप थांबण्याची सोयही आहे. तिसऱ्यांदा सगळं बंद. चार वाक्यं ऐकून वहीत लिहा आणि मग ताडून बघा.

चुका कुठे निघतात तेच खरं बघायचं. 'हाबन' बोलताना 'हाम' होतं, 'आइनऽ'चं नुसतं 'नऽ' उरतं. लिहिताना ते गळलं तर तुम्ही वाचत होता, ऐकत नव्हता. तेवढी वाक्यं पुन्हा S वर. दुसऱ्या फेरीत जवळजवळ प्रत्येक वाक्याला शब्दकोश उघडावा लागला तर मालिका अवघड आहे. सोपी शोधा, गुन्हेगारीवरची कुजबुज नको.

आणि हो, प्रश्न येणारच म्हणून सांगतो: नेटफ्लिक्सच्या मोबाईल ॲपमध्ये हे एक्स्टेन्शन चालत नाही. संगणकच लागतो. तो नसेल तर पहिल्या फेरीनंतर सबटायटलची भाषा हाताने बदला आणि दहा सेकंद मागे जाण्याच्या बटणावर भागवा.