फडक्यातून गाळलेली गडावरची कॉफी

श्रोतेहो, नमस्कार. गडावर कॉफी करायला पातेलं आणि फडकं पुरतं. फडकं मात्र धुतलेलं हवं. का, ते आधी ऐका.

आम्ही चौघं खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. गाळणी घरीच राहिली, म्हणून वाटेत जुन्नरच्या बाजारात कोरा पंचा घेतला. भल्या पहाटे गुहेपाशी स्टोव्ह पेटवला. (चूल नको हो! गुहांची छतं काजळीने आधीच काळी झालीत. आणि ते स्पीकर घेऊन गडावर येणारे... असो.) पाणी उकळलं, पूड पडली, वास असा सुटला की शेजारच्या तंबूतली मंडळी कप घेऊन आली. मी ऐटीत पंचा दुसऱ्या पातेल्यावर ताणला आणि ओतलं. थेंब पडेना. मग पडला तो गढूळ, बुळबुळीत. पहिला घोट घेऊन मित्र म्हणाला, "ही कॉफी आहे की तांदळाची पेज?" वर पिठलं-भाकरी करून देणारे एक मामा बघत होते. त्यांनी पंच्याचा काठ चिमटीत धरून चोळला आणि विचारलं, "खळ काढली होती का?"

खळ! कोऱ्या कापडाची खळ गरम पाण्यात सुटली आणि सगळी कॉफीत उतरली. पाहुण्यांनी कप तसेच खाली ठेवले.

तेव्हा फडकं जुनं, सुती, मलमलीसारखं घ्या. घरी साबण न लावता साध्या पाण्यात उकळून आणा. साबणाचा वासही कॉफीत उतरतो. गाळण्याआधी फडकं ओलं करून पिळा. कोरडं फडकं तुमचीच कॉफी पिऊन टाकतं.

पूड जाडसर, रव्याएवढी दळून आणा. बारीक पुडीने विणीची भोकं बुजतात. चिकोरी घातलेलीही मला नको, पण हे माझं मत, घरात कुणी ऐकत नाही. एका कपाला दोन चमचे पूड. पाणी उकळलं की आधी स्टोव्ह बंद, मग पूड. पुन्हा सांगतो, आधी स्टोव्ह बंद! पुडीसकट उकळलीत तर कडू होते. एकदा ढवळा, झाकण ठेवा, चार मिनिटं थांबा. मग चमचाभर गार पाणी शिंपडा, म्हणजे वर तरंगणारा चोथा खाली बसू लागतो.

आता वरवरची कॉफी हळू ओता, चोथा शेवटी. फडकं पिळू नका. पिळलं की गाळ उतरतो आणि शेवटचा कप खरखरीत लागतो. दुधाची पावडर वेगळ्या कपात थोड्या कोमट पाण्यात कालवून घाला, नाहीतर गुठळ्या होतात.

चोथा पिशवीत भरून खाली आणायचा, फडकं नुसत्या पाण्यात खळबळून सॅकवर वाळत टाकायचं. तो पंचा अजून माझ्याकडे आहे. आता मऊसूत झालाय, तपकिरीही, आणि घरात त्याला कुणी हात लावत नाही.