रिपोर्टमधला मापलेला आणि मांडलेला एलडीएल

ठाण्यातील नौपाड्यात राहणाऱ्या एका मधुमेही गृहस्थांचा हा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आहे. एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 35, ट्रायग्लिसराइड 380 आणि एलडीएल 99, असे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात छापलेले आहेत. डॉक्टरांनी त्यांना एलडीएल 100 च्या खाली ठेवण्यास सांगितले होते; त्यामुळे 99 वाचून घरची मंडळी निश्चिंत झाली.

परंतु हा 99 कोणत्याही यंत्राने मोजलेला नाही. 1972 साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला जातो. येथे 380 चा पाचवा भाग 76 होतो आणि 210 मधून 35 व 76 वजा केल्यावर 99 उरतात. हा पाचवा भाग म्हणजे रक्तातून ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या व्हीएलडीएल कणांतील कोलेस्टेरॉलचा अंदाज होय. ट्रायग्लिसराइड वाढतात तेव्हा हे कण ट्रायग्लिसराइडने अधिक भरलेले असतात आणि त्या मानाने त्यांच्यात कोलेस्टेरॉल कमी असते, म्हणून पाचाने भागल्यास वजाबाकी गरजेपेक्षा मोठी होते आणि एलडीएल प्रत्यक्षाहून कमी दिसतो. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेल्यास हे सूत्र वापरू नये, असा संकेत आहे; मात्र 380 ला ते अचानक विश्वासार्ह ठरते, असे मुळीच नाही.

त्याच नमुन्यावर थेट एलडीएल तपासला असता तो 116 आला. या पद्धतीत रसायनांच्या साहाय्याने इतर कण बाजूला ठेवून केवळ एलडीएलमधील कोलेस्टेरॉल मोजण्याचा प्रयत्न होतो. प्रयत्न म्हणण्याचे कारण असे की ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या रक्तात हे कण पूर्णपणे वेगळे ठेवणे रसायनांना जमत नाही, आणि निरनिराळ्या कंपन्यांची किट एकाच नमुन्याला निरनिराळी उत्तरे देऊ शकतात. म्हणून 99 चुकीचा आणि 116 अचूक, असा निवाडा घाईचा ठरेल.

येथे नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल वगळून उरलेल्या साऱ्या कोलेस्टेरॉलचा आकडा, उपयोगी पडतो. 210 मधून 35 वजा केले की 175 मिळतात. या वजाबाकीत ट्रायग्लिसराइडचा आकडा येतच नाही, म्हणून उपाशीपोटी रक्त देण्याचीही सक्ती उरत नाही. शिवाय एलडीएलबरोबर व्हीएलडीएल आणि त्याचे अवशेष-कण, म्हणजे धमनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारे कोलेस्टेरॉलही त्यात मोजले जाते, आणि मधुमेहात नेमके हेच कण वाढलेले असतात. नॉन-एचडीएलचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा 30 ने अधिक धरतात, कारण ट्रायग्लिसराइड 150 असताना व्हीएलडीएलचा वाटा साधारण तेवढाच असतो.

या गृहस्थांचे लक्ष्य त्यामुळे 130 ठरते आणि ते त्याच्या 45 ने वर आहेत. डॉक्टरांनी स्टॅटिनची मात्रा वाढवण्याआधी तीन महिन्यांची साखर, थायरॉइड आणि मद्यपानाची चौकशी केली, कारण ट्रायग्लिसराइड चढण्याचे मूळ बहुधा तेथेच सापडते.