भातखाचरातला हेटरोसिस्ट मोजायला शिका

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? छान. विषय तुम्हाला माहीत आहे: भाताच्या खाचराची सुपीकता आणि नील-हरित शैवाल, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. इथे जमलेल्या बहुतेकांनी वनस्पतिशास्त्र किंवा शेती यांपैकी काहीतरी शिकलेलं आहे, तेव्हा हे जीव हवेतला नायट्रोजन बांधतात हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. 1939 साली पी. के. डे यांनी भातखाचरांची सुपीकता टिकण्यामागे हे शैवाल आहे असं दाखवून दिलं. पुढे आर. एन. सिंह यांनी औलोसिरा फर्टिलिसिमा या जातीवर आपल्या शेतांत काम केलं. तो इतिहास तुम्ही वाचलेला आहे.

मला आज एका पेशीबद्दल बोलायचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ॲनाबीनाचा एखादा धागा ठेवा. मण्यांच्या माळेसारख्या हिरव्या पेशी एकामागे एक दिसतात, आणि दहा-वीस पेशींनंतर एक वेगळी पेशी येते. ती किंचित मोठी असते, फिकट असते, तिची भिंत जाड असते आणि शेजारच्या पेशींना ती जिथे जोडलेली असते तिथे दोन्ही टोकांना चकाकणारा एकेक ठिपका दिसतो. ही हेटरोसिस्ट. आपल्या वह्यांमध्ये आपण एक जाड गोल काढून, बाण मारून, नाव लिहून मोकळे होत होतो. माझी कळकळीची तक्रार आहे की त्या गोलाचं काम काय, हे आपल्याला कुणी धड सांगितलंच नाही. 1951 साली फ्रिट्श यांच्यासारख्या मोठ्या शैवालतज्ज्ञालाही ही पेशी एक कोडंच वाटत होती. नायट्रोजन बांधण्याची जागा हीच असावी, हा विचार फे, स्टुअर्ट, वॉल्स्बी आणि फॉग यांनी नीट मांडला तो 1968 मध्ये.

अडचण काय आहे ते पाहा. नायट्रोजन बांधणारं विकर म्हणजे नायट्रोजिनेज. ऑक्सिजन लागला की ते निकामी होतं, आणि तेही कायमचं. आणि हे शैवाल तर प्रकाशसंश्लेषण करतं, म्हणजे दिवसभर स्वतःच्याच अंगातून ऑक्सिजन बाहेर टाकत असतं. एकाच पेशीत एकाच वेळी ही दोन कामं चालणं कठीण. काही सायनोबॅक्टेरिया यावर वेळेचा तोडगा काढतात: दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री नायट्रोजन. ॲनाबीना, नॉस्टॉक, औलोसिरा यांनी काम पेशींमध्येच वाटून टाकलं.

हेटरोसिस्ट होताना पेशी पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन सोडणारा भाग, म्हणजे प्रकाशप्रणाली दोन, बंद करते. प्रकाशप्रणाली एक चालू ठेवते, कारण तिच्याकडून ऊर्जा मिळते आणि ऑक्सिजन तयार होत नाही. भोवती ग्लायकोलिपिडांचा थर चढवते, त्यावर शर्करांचं आवरण. वायू आत शिरायला वाट अरुंद होते, आणि जो थोडा ऑक्सिजन आत येतो तो श्वसनात जळून जातो. पण ती आता स्वतःचं अन्न करू शकत नाही. शेजारच्या हिरव्या पेशी तिला साखर पुरवतात आणि ती त्यांना ग्लुटामिनच्या रूपात बांधलेला नायट्रोजन देते. ती पुन्हा कधी विभागतही नाही.

यात खर्च किती आहे? हे समीकरण फळ्यावर लिहितो:

N₂ + 8H⁺ + 8e⁻ + 16 ATP → 2NH₃ + H₂ + 16 ADP + 16 Pi

एका रेणूमागे सोळा एटीपी. इतकं महाग काम कुणी उगाच करत नाही. पाण्यात अमोनियम किंवा नायट्रेट आयतं मिळत असेल तर ते शैवाल हेटरोसिस्ट बनवतच नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून ते जरा डोक्यात राहू द्या.

प्रयोगशाळेत हे फार स्वच्छ दिसतं. अमोनियम असलेल्या द्रावणात वाढवलेला ॲनाबीना घ्या, धुऊन नायट्रोजन नसलेल्या द्रावणात टाका. पेशीत नायट्रोजनचा तुटवडा पडतो, टू-ऑक्सोग्लुटरेट साठत जातं, हेटआर नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि काही पेशी वेगळ्या वाटेला लागतात. सुरुवातीचे काही तास त्यांना माघार घेता येते. अमोनियम परत टाकलं तर त्या पुन्हा साध्या होतात. पण साधारण एका दिवसात हेटरोसिस्ट पुरती तयार झाली की परतीचा रस्ता संपला. तयार होणारी पेशी पॅटएस नावाचा छोटा पेप्टाइड बनवते. त्याचा इशारा शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि त्यांना हेटरोसिस्ट होऊ देत नाही. दोन हेटरोसिस्टांमधलं ते नेटकं अंतर यातूनच येतं. विद्यार्थ्यांना हे मी तासन्तास सांगू शकतो, पण आज थांबतो.

आता शेतातला अनुभव. एका प्रात्यक्षिकाला मला बोलावलं होतं. कोणी आयोजित केलं होतं याला महत्त्व नाही. लावणीनंतर आठवड्याने शैवालाचं सुकं जैविक खत, हेक्टरी दहा किलो या शिफारशीने, खाचरात टाकलेलं होतं. त्याच सुमारास पाण्यावरच युरियाही फेकलेला. काही दिवसांनी पाण्यावर गर्द हिरवी गादी तयार झाली. पाहुण्यांना बांधावर उभं केलं, बोट दाखवून सांगितलं, ‘बघा, शैवाल कसं जोमात आलंय!’ टाळ्या झाल्या. फोटो निघाले. एका शेतकऱ्याने फक्त विचारलं, ‘हे तर दरवर्षी येतं आमच्याकडे, मग खत कशाला?’ त्याचा प्रश्न हसण्यावारी गेला, आणि मला त्याचा राग अजून आहे, कारण तिथे तो एकच माणूस नीट बघत होता.

मी त्या गादीतला चिमूटभर तंतू काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकातून हिरव्या सर्पिल पट्ट्या दिसल्या. स्पायरोगायरा! ते हिरवं शैवाल, सायनोबॅक्टेरिया नव्हे. त्याला नायट्रोजन बांधता येत नाही. उलट त्याने युरियातून सुटलेलं अमोनियमच खाल्लं होतं. मधूनमधून ॲनाबीनाचे धागे होते, पण पुढेपर्यंत नजर फिरवली तरी हेटरोसिस्ट क्वचितच. म्हणजे खत म्हणून टाकलेल्या जिवाकडे करायला कामच उरलं नव्हतं. खाचराचा रंग पाहून कोण काम करतंय हे कळत नाही. हेटरोसिस्ट मोजावी लागते.

मोजायचं कसं? धागा न तुटेल इतपत अलगद काचेवर पसरा, चारशेपट भिंगाखाली सलग काही शे पेशी मोजा, त्यात हेटरोसिस्ट किती ते टिपा. शंभरात पाच ते दहाच्या आसपास असतील तर धागा नायट्रोजन बांधायच्या तयारीत आहे असं समजायला हरकत नाही. आणि इथे एक मेख आहे. मघाशी म्हटलं की तयार हेटरोसिस्ट परत साधी होत नाही. म्हणून आज युरिया टाकला तर उद्या ती पेशी दिसायची थांबत नाही. साध्या पेशी विभागत राहतात, नव्या हेटरोसिस्ट येत नाहीत, आणि शेकडा प्रमाण हळूहळू घटतं. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका. काही दिवसांनी पुन्हा मोजा आणि दोन आकडे शेजारी ठेवा.

आयोजकांनी चिठ्ठी दिली आहे, दहा मिनिटं उरलीत. आणि सुपीकतेचं गणित तर अजून मांडायचंच आहे! तेव्हा भराभर.

शैवालाच्या दाट फुलोऱ्याचं वाळवून वजन हेक्टरी 300 किलो धरू, त्यात नायट्रोजन पाच टक्के. म्हणजे 15 किलो. अनुकूल हंगामात एकूण 20 ते 30 किलोपर्यंत बांधला जातो असे अंदाज आहेत. एक टन भात पिकायला पीक साधारण 15 ते 20 किलो नायट्रोजन उचलतं. पण शैवालातलं सगळं पिकाला मिळत नाही. ते मरून कुजल्यावरच सुटतं. पाण्यावर तसंच राहिलं तर त्यातला अदमासे तिसरा हिस्सा पहिल्या पिकाला मिळतो, चिखलात मिसळलं तर निम्म्याच्या आसपास. उरलेलं मातीच्या साठ्यात जातं. वर्षानुवर्षं खत न घातलेली खाचरंही थोडंफार पीक देत राहतात, त्याचं एक मोठं कारण हे.

मग युरिया नको म्हणतोय का मी? नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन आहे, आणि टनांनी पीक काढायचं तर तो लागणारच. माझं म्हणणं, तो पाण्यावर फेकू नका. दुपारी शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पाण्याचा सामू नऊ-दहापर्यंत चढतो. त्या पाण्यात अमोनियम असेल तर ते अमोनिया होऊन उडून जातं. म्हणजे वरून फेकलेला युरिया आधी नील-हरित शैवालाला सुस्त करतो, हिरव्या शैवालाला पोसतो, त्यामुळे सामू आणखी चढतो आणि युरिया स्वतःही हवेत जातो. तोच युरिया सात ते दहा सेंटीमीटर खोल चिखलात दाबला तर पाण्यात अमोनियम फारसं येत नाही. पिकाला मुळाशी मिळतं आणि वर हेटरोसिस्टचं काम चालू राहतं.

काही ठिकाणी शैवाल येतच नाही. तिथे हेटरोसिस्टला दोष देऊ नका. बहुतेकदा स्फुरद कमी असतं, तेव्हा स्फुरद एकदाच न देता विभागून द्या. माती आम्लधर्मी असेल तर सामू सहाच्या खाली वाढ मंदावते. आणि फुलोरा येऊन चार दिवसांत नाहीसा झाला तर पाणी ओंजळीत घेऊन बघा: तांदळाच्या कणीएवढे किंवा त्याहून लहान ऑस्ट्राकोड वळवळताना दिसतील. ते आणि गोगलगायी शैवाल चरून फस्त करतात. बाहेरून आणलेल्या जातीही मातीत आधीपासून सुप्त बीजाणूंच्या रूपात असलेल्या जातींपुढे अनेकदा मागे पडतात. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं.

आणि वेळ थोडा आहे, शेतातही. पानांची छाया पाण्यावर दाटली की प्रकाश संपतो. लावणीपासून पहिला महिना-सव्वा महिनाच काय ते घडतं, म्हणून मोजणी याच काळात करा.

बाहेर टेबलावर दोन काचपट्ट्या लावल्या आहेत. दोन्हींत ॲनाबीनाच आहे. एक अमोनियम असलेल्या द्रावणातली, दुसरी नसलेल्या. कोणती कोणती ते लिहिलेलं नाही. मोजून सांगा, मी तिथेच उभा आहे.