सोदर: दिवेलागणीचा पाठ आणि त्याची बैठक

मंडळी, दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायला बसणं आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केलेलं आहे. त्याच वेळेला शीख घरांत रहिरास साहिबचा पाठ होतो. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या रहित मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, त्याची वेळ सूर्यास्तानंतरची सांगितली आहे. आज मी सगळा पाठ उलगडत बसणार नाही. त्याचा गाभा असलेल्या एका शबदापाशी, म्हणजे पदापाशी, थांबणार आहे, कारण या पाठाला कसं बसायचं ते मला तरी तिथेच कळलं.

तो शबद म्हणजे गुरू नानकांचा 'सोदर'. त्याची पहिली ओळ अशी: 'सो दरु तेरा केहा सो घरु केहा जितु बहि सरब समाले'. तुझं ते दार कसं आहे, ते घर कसं आहे, जिथे बसून तू सगळ्यांचा सांभाळ करतोस? यातल्या 'बहि' या शब्दाकडे लक्ष द्या. बहि म्हणजे बसून. सांभाळ करणारा स्वस्थ बसलेला आहे आणि त्याच्या दारात गाणं चाललंय. वारा गातो, पाणी गातं, अग्नी गातो. धर्मराज दारात गातो. माणसांचा हिशेब लिहिणारा चित्रगुप्तही तिथे गाणाऱ्यांतच आहे. मला ही कल्पना फार मोठी वाटते: ज्याच्या वहीची आपल्याला भीती घालतात, तोही त्या दारात आपल्यासारखाच गायला आलेला.

हाच शबद सकाळच्या जपुजी साहिबमध्ये सत्ताविसाव्या पौडीत, म्हणजे कडव्यात, येतो, पण तिथल्या पहिल्या ओळीत 'तेरा' नाही. तिथे 'सो दरु केहा' एवढंच आहे. संध्याकाळी 'तेरा' येतो. दिवसभराची दगदग संपवून आलेला माणूस आता थेट त्यालाच विचारतोय, असं मला ऐकू येतं. हा माझा अर्थ आहे, पण एकदा दोन्ही ओळी पाठोपाठ म्हणून बघा.

रावीकाठच्या करतारपुरात, नानकांच्या हयातीत, संध्याकाळी सोदर आणि आरती गायली जाई, असं शीख कवी भाई गुरदासांनी आपल्या पहिल्या वारेत, म्हणजे दीर्घ काव्यात, नोंदवलंय. पुढे गुरू ग्रंथ साहिबात 'सोदर' या गटाचे पाच आणि 'सो पुरखु' या गटाचे चार असे नऊ शबद सलग आले. त्यांतल्याच गुरू रामदासांच्या एका शबदात 'हरि कीरति हमरी रहरासि' अशी ओळ आहे आणि पाठाचं नाव तिथलंच. गुरू अर्जनांच्या शबदात पिल्लं मागे टाकून शेकडो कोस उडून येणारे पक्षी आहेत आणि दगडातल्या जीवांसाठी आधीच मांडून ठेवलेलं अन्न आहे. आपल्याकडे शिवराय आणि समर्थांची दगडातल्या बेडकीची कथा सांगतात, ती इथे आठवतेच.

आता बैठक. हात, पाय, तोंड धुवायचं, डोकं झाकायचं, जोडे बाहेर. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसायचं, पण अंग आखडायचं नाही. गुटका, म्हणजे पाठाची छोटी पोथी, रुमालात गुंडाळलेला असतो. तो दोन्ही हातांत छातीशी धरायचा किंवा समोर स्वच्छ कापडावर, उंचावर ठेवायचा. जमिनीवर किंवा पायावर नाही. गुरू ग्रंथ साहिबांसमोर असाल तर त्यांच्याकडे पाय पसरायचे नाहीत. तिथे संगतीत, म्हणजे जमलेल्या भाविकांत, खुर्ची, गादी वापरायची नाही, असं मर्यादा सांगते. घरी गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाठ करणारी ज्येष्ठ माणसं पुष्कळ आहेत आणि त्यात काही वावगं नाही.

चूक बहुतेक वेळा वेगाची होते. पाठ तोंडपाठ झाला की पाठातली चौपई ही मधली रचना धावायला लागते, श्वास वरच्या वर राहतो, खांदे उचलले जातात. खांदे कानांकडे चालले की समजावं, जीभ पुढे गेली आणि मन मागे राहिलं. तिथे थांबायचं, ओळ पुन्हा घ्यायची.

पाठाच्या शेवटाकडे आनंद साहिब या रचनेच्या पहिल्या पाच पौड्या झाल्या की एकदम शेवटची, चाळिसावी येते. नवखा माणूस इथे पानं उलटत राहतो. मग मुंदावणी हा समारोपाचा शबद, आणि 'तेरा कीता जातो नाही' हा सलोक: तू केलेलं मला कळलं नाही. एवढं म्हणून पाठ संपतो, पण लगेच निघायचं नसतं. आतापर्यंत बसलेले सगळे उठतात, हात जोडतात आणि अरदास, म्हणजे प्रार्थना, सुरू होते. ती उभ्यानेच. ज्या दारात इतका वेळ बसून गायलं, तिथे आता उभं राहून मागायचं असतं. नांदेडला हुजूर साहिबला संध्याकाळी गेलात तर अरदास सुरू होताच बसलेली अख्खी संगत उठताना तुम्हाला दिसेल. तुम्हीही उठा, हात जोडा, आणि अरदास संपली की सगळ्यांबरोबर माथा टेका.