एका फरशीवरून काही ठरत नाही

मंगळवार पेठेतलं एक जुनं घर पाडलं गेलं. त्याच्या देवघरातून निघालेल्या झिलईच्या फरशांपैकी काही आज टेबलावर मांडल्या आहेत. पांढऱ्या जमिनीवर निळ्या रेषेचं आठ पाकळ्यांचं फूल आणि पाकळ्यांत हिरवा रंग. त्या आल्या तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, 'हातानं रंगवलेल्या आहेत, शंभर वर्षांच्या.' ही दोन्ही विधानं तपासता येतात. तपासायची कशी, एवढंच मी आज सांगणार आहे.

त्यासाठी हातात एक नव्हे, दोन फरशा घ्या. एकीच्या बारीक रेषा कितीही सुबक असल्या तरी त्यावरून ठसा आहे की कुंचला, हे सांगणं अवघड आहे. दोन्ही शेजारी ठेवून एकच जागा भिंगाखाली पाहा. दहापट दाखवणारं साधं भिंग पुरतं. या फुलाच्या डावीकडच्या खालच्या पाकळीत देठाजवळ रेषा किंचित तुटलेली आहे. दुसरी फरशी पाहा, तिसरी पाहा, रेषा तिथंच आणि तशीच तुटलेली दिसेल. हाताची चूक इतकी तंतोतंत पुन्हा होत नाही. हा दोष मूळ ठशातला आहे. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, तीत रंग भरून पातळ कागदावर छाप घ्यायची, तो कागद फरशीवर घासून चिकटवायचा, मग धुऊन काढायचा, अशी ही छपाई. इंग्लंडात ती अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालू होती. आता या फरशीच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी फट दिसते, ती शेजारच्या फरशीवर नाही. ती कागदाला पडलेली चुणी. पत्र्याचा दोष प्रत्येक फरशीवर येतो, कागदाचा दोष एकीवरच राहतो. रेषा छापील आहे याला हे दोन पुरावे झाले.

पण हिरवा रंग वेगळंच सांगतो. एका फरशीवर तो पाकळीबाहेर गेलाय, दुसरीवर टोकाला अपुरा राहिलाय, आणि फटकारा जिथं संपला तिथं रंग साचून गडद झालाय. असं प्रत्येक फरशीवर निराळं दिसतं. म्हणजे रेषा ठशाची आणि रंग हातानं भरलेला. तेव्हाच्या कारखान्यांत ही रीत सर्रास होती. त्यामुळे 'छापील की हाताची' याचं उत्तर इथं 'दोन्ही' असं येतं, आणि मला ते अर्धवट वाटत नाही. याउलट भिंगाखाली एकसारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, तर ती विसाव्या शतकातली छपाई समजा. रेषा बोटाला उंच लागली आणि तिच्या कुशीत रंगीत झिलई साचलेली असली, तर नक्षी बहुधा साच्यानं उठवलेली आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत जपानहून आपल्याकडे आलेल्या पुष्कळ फरशा अशा आहेत.

आता वय. फरशी उलटी करा. मागे दाबाच्या यंत्रानं उठवलेल्या एकसारख्या पट्ट्या आहेत. कोरडी माती दाबून फरशी करण्याचं पेटंट १८४० चं आहे, तेव्हा त्याआधीची ही नाही. दोन फरशांवर रोमन अक्षरांत 'इंग्लंड' असं उमटलेलं आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं, म्हणून असा शिक्का बहुधा १८९१ नंतरचा. मात्र शिक्का नाही म्हणून फरशी त्याआधीची, असं उलटं धरू नका. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर तो नसणंही शक्य होतं.

बाजूचं माप १५२ मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. नेमकी १५० भरली असती तर मेट्रिक काळातली म्हणून मी संशय घेतला असता. पण १५२ भरली म्हणून ती जुनी ठरत नाही, कारण सहा इंची फरशा नंतरही बनत राहिल्या.

मागचा गिलावा मला सगळ्यात बोलका वाटतो. या फरशीला आत मऊ चुन्याचा थर आहे, नखानं निघतो. त्यावर कडक सिमेंटचा थर. म्हणजे ती एकदा चुन्यात बसली, उखडली, आणि पुन्हा सिमेंटात बसली. घर कधी बांधलं, यावरून हिचं वय काढायला गेलात तर फसाल. गिलाव्यावर व्हिनेगर टाकून फेस पाहण्याची युक्ती काही जण सांगतात, पण जुनं सिमेंटही फसफसतं. त्यापेक्षा नख आणि खिळा भरवशाचे. आणि हा थर छिन्नीनं काढू नका. चुना भिजवून लाकडी पट्टीनं निघतो. सिमेंट झिलईसकट कोपरा घेऊन येतं, तेव्हा ते तसंच राहू द्यावं.

झिलईवरच्या बारीक तड्यांनाही लोक वय समजतात. माती ओल शोषून फुगते, झिलई तेवढी ताणत नाही आणि तडकते. मग ओलसर न्हाणीघरातली तीस वर्षांची फरशीही तडकलेली दिसते, आणि कोरड्या ओसरीवरची जुनी अभंग राहते.

झीज मात्र उपयोगी पडते. ही फरशी बहुधा भिंतीसाठी बनलेली होती. जमिनीच्या फरशीच्या मानानं ती पातळ आहे आणि झिलईही नाजूक. तरी इथं ती जमिनीवर बसली, आणि देवघरात अनवाणी वावर असतो, म्हणून टिकली. मधल्या फरशांवर झिलई घासून गेली आहे, तिथं रेषाही गेली आहे, आणि जिथं झिलई शाबूत आहे तिथं नक्षी स्वच्छ आहे. यावरून नक्षी झिलईखाली आहे हे कळतं. झिलईवर रंगवलेली असती तर तिरप्या उजेडात रंग वर उठलेला दिसला असता, आणि झिलई शाबूत असतानाही तोच आधी झिजला असता.

या सगळ्यावरून माझा निर्णय असा. या फरशा इंग्लंडातल्या, बहुधा १८९१ नंतरच्या, ठशाची रेषा आणि हाताचा रंग असलेल्या. चुन्याचा थर पाहता त्या पहिल्यांदा सिमेंट सर्रास होण्याआधी बसल्या असाव्यात. यापलीकडे नेमकं साल सांगायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून कॅटलॉगमध्ये 'अंदाजे १८९१ ते १९३०' असंच लिहिलं आहे.